सारणी झाली की उत्तर ६ येतं: बुटांच्या मापांवरून मध्य, मध्यक, बहुलक शिकवताना पुन्हा पुन्हा येणारी अडचण

बुटांची मापं घेऊन आठवीला मध्य, मध्यक आणि बहुलक शिकवले, की तास छान रंगतो. प्रत्येकाला आपलं माप सांगायचं असतं, फळ्यावर ताळ्याच्या खुणा भराभर पडतात, वारंवारता सारणी तयार होते. मग आपण म्हणतो, आता मध्य काढा. आणि वर्गातल्या कितीतरी वह्यांमध्ये एकच चुकीचं उत्तर दिसतं. चुका वेगवेगळ्या असत्या तर गडबड झाली म्हणता आलं असतं. पण वेगवेगळ्या बाकांवरची मुलं एकमेकांचं न बघता त्याच चुकीच्या आकड्यावर पोचतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात एक सुसंगत, पण चुकीची रीत चालू असते. ती रीत कोणती, ती येते कुठून आणि काढायची कशी, एवढंच इथे लिहितो आहे.

बोलायला सोपं जावं म्हणून ३५ मुलांचा एक वर्ग घेऊ. त्यांच्या बुटांच्या मापांची सारणी अशी:

| बुटाचं माप | मुलांची संख्या |
|---|---|
| ३ | ३ |
| ४ | ११ |
| ५ | ७ |
| ६ | ४ |
| ७ | ४ |
| ८ | ५ |
| ९ | १ |

बरोबर उत्तरं: मध्य ५.४, मध्यक ५, बहुलक ४. वह्यांमध्ये मात्र बहुतेक वेळा हे सापडतं: मध्य ६, मध्यक ६, बहुलक ११.

तीन चुका, पण दुखणं एकच

मध्य ६ कसा आला? मुलाने डावा स्तंभ बेरजेला घेतला. ३, ४, ५, ६, ७, ८, ९ यांची बेरीज ४२, भागिले ७, उत्तर ६. मध्यक ६ कसा आला? त्याच स्तंभातल्या सात संख्यांपैकी मधली उचलली. बहुलक ११ कसा आला? ‘सगळ्यांत जास्त’ कुठे दिसतं ते पाहिलं आणि उजव्या स्तंभातला सर्वांत मोठा आकडा लिहून टाकला.

वरवर पाहिलं तर या तीन वेगळ्या चुका वाटतात आणि आपण त्या वेगवेगळ्या दुरुस्त करायला जातो. मध्यासाठी सूत्र पुन्हा सांगतो, मध्यकासाठी ‘आधी चढत्या क्रमाने लावा’ म्हणतो, बहुलकासाठी व्याख्या पाठ करून घेतो. पुढच्या आठवड्यात चुका परत हजर. कारण तिन्हींचं मूळ एक आहे: मुलाच्या लेखी सारणीची एक ओळ म्हणजे एक प्राप्तांक. ४ मापाच्या ओळीत अकरा मुलं उभी आहेत हे त्याला दिसतच नाही. त्याला सात ओळी दिसतात, म्हणून सात प्राप्तांक दिसतात.

यात मुलाचा निष्काळजीपणा नाही, हे आधी मान्य करायला हवं. आतापर्यंतच्या उदाहरणांत त्याला संख्या सुट्या मिळत आल्या: या दहा संख्या, यांची सरासरी काढा. तिथे जेवढ्या संख्या दिसतात तेवढ्या मिळवायच्या आणि जेवढ्या दिसतात तेवढ्याने भागायचं, ही रीत दर वेळी बरोबर ठरली. सारणीतही त्याने तीच रीत इमानाने वापरली. फरक इतकाच, की सारणीत दिसणाऱ्या संख्या आणि खरे प्राप्तांक यांची गणती आता वेगळी आहे, आणि ती वेगळी कधी झाली ते त्याच्या नजरेतून निसटलं.

कधी निसटलं, तेही सांगता येतं. मुलं मापं तोंडी सांगतात आणि आपण थेट ताळ्याच्या खुणा करत जातो. म्हणजे ३५ संख्या कुठेच लिहिल्या जात नाहीत. मुलाने कधी न पाहिलेल्या ३५ संख्यांचा गोषवारा आपण त्याच्यापुढे ठेवतो आणि अपेक्षा करतो, की गोषवाऱ्यामागच्या संख्या त्याने स्वतः डोळ्यांसमोर आणाव्यात. तास इथेच घसरतो, पण ते कळतं वीस मिनिटांनी.

आधी तपासा: खरंच हेच दुखणं आहे का

दोन मिनिटांत होणारी एक तपासणी आहे. फळ्यावर फक्त दोन ओळींची सारणी लिहा: माप ४, मुलं ९, माप ८, मूल १. मग विचारा, आकडेमोड अजिबात करायची नाही, मध्य ४ च्या जवळ असेल, ८ च्या जवळ असेल, की बरोबर मधे?

‘मधे, ६’ म्हणणाऱ्या मुलाला ओळी दिसतायत, मुलं दिसत नाहीत. खरा मध्य ४४ भागिले १०, म्हणजे ४.४. हा प्रश्न मला फार उपयोगी वाटतो, कारण त्यात सूत्र आठवून सुटका होत नाही. सूत्र पाठ असलेलं मूलही इथे पकडलं जातं, आणि तशी मुलं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात.

या निमित्ताने त्यांच्याबद्दलही बोलायला हवं. ‘प्राप्तांक गुणिले वारंवारता’ हा तिसरा स्तंभ त्यांना पाठ असतो. ती ९, ४४, ३५, २४, २८, ४०, ९ असे गुणाकार बिनचूक लिहितात, बेरीज १८९ करतात आणि मग कधी कधी ७ ने भागतात. उत्तर २७. सगळ्या वर्गात ३ ते ९ चीच मापं असताना २७ हा मध्य वहीत निमूट उभा असतो. अशा वेळी ‘मध्य हा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या प्राप्तांकाच्या दरम्यानच येतो’ ही तपासणी शिकवावी आणि लावायची सवयही लावावी. पण तिच्यावर विसंबून राहू नये. ती २७ ला पकडते, ६ ला पकडत नाही. ६ अगदी रुबाबात ३ आणि ९ च्या मधे बसतो. म्हणूनच ६ ही चूक जास्त काळ टिकते.

तपासणीसाठी आकडे निवडतानाही जपायला हवं. वर्गाची खरी माहिती जशी येईल तशी वापरली, तर चुकीच्या रीतीनेही कधी बरोबर उत्तर येतं. समजा मापं ६ च्या दोन्ही बाजूंना सारखी पसरली आणि खरा मध्यकही ६ च निघाला, तर डाव्या स्तंभातली मधली संख्या उचलणाऱ्याला पूर्ण गुण मिळतात आणि त्याची रीत आणखी घट्ट होते. तसंच, सर्वांत मोठी वारंवारता ८ असेल तर बहुलक ‘८’ लिहिणाऱ्याने माप लिहिलं की मुलांची संख्या, हे ओळखता येत नाही, कारण ८ मापाचे बूटही वर्गात आहेत. वरच्या सारणीत ११ मुद्दाम आहे. ११ माप कुणाचंच नाही, त्यामुळे चूक लपत नाही. आपल्या वर्गाची मापं अशी अडचणीची निघाली, तर पहिल्या तासाला ती वापरा, पण तपासणीला तयार केलेली सारणी द्या.

उपाय: ओळीआधी चिठ्ठी

मापं तोंडी विचारू नका. प्रत्येकाला सारख्या आकाराचा चौकोनी कागद द्या आणि त्यावर आपलं माप मोठ्या अक्षरात लिहायला सांगा. नाव नको. सगळ्या चिठ्ठ्या गोळा करा, पिसा आणि पुन्हा वाटा. आता प्रत्येकाच्या हातात कुणाचं तरी माप आहे, बहुधा दुसऱ्याचं. पाय मोठे म्हणून किंवा लहान म्हणून संकोचणारी मुलं या वयात असतातच, आणि कुणाचे बूट फाटके असतील, कुणाकडे नसतीलही. पिसलेल्या चिठ्ठीने तो सगळा ताण निघून जातो आणि गणिताला हवं ते शिल्लक राहतं: एक मूल, एक चिठ्ठी, एक प्राप्तांक.

आता फळ्यावर खाली एक आडवी संख्यारेषा काढा, ३ ते ९, समान अंतरावर. एखादं माप कुणाचंच नसेल तरी त्याची जागा रिकामी सोडा, गाळू नका. प्रत्येक मूल येऊन आपली चिठ्ठी त्या त्या आकड्याच्या वर चिकटवतं, आधीच्या चिठ्ठीच्या बरोबर वर. ४ वर अकरा चिठ्ठ्यांचा उंच मनोरा होतो, ९ वर एकच चिठ्ठी राहते.

सारणी अजून काढलेली नाही, हे महत्त्वाचं. तिन्ही प्रश्न आधी या चिठ्ठ्यांवरच विचारायचे.

बहुलक सर्वांत सोपा, म्हणून तो आधी. सर्वांत उंच मनोरा कुठे? ४ वर. मनोऱ्याची उंची ११, पण मनोरा उभा आहे ४ वर. उत्तर पूर्ण वाक्यात घ्या: ‘सर्वांत जास्त मुलांच्या बुटाचं माप ४ आहे.’ सुटा आकडा स्वीकारायचा नाही. ‘बहुलक ११’ म्हणणाऱ्या मुलाला ‘चूक’ म्हणण्याऐवजी त्याच वाक्यात ११ घालून म्हणायला लावा. ‘सर्वांत जास्त मुलांच्या बुटाचं माप ११ आहे’ हे म्हणताना तो स्वतःच फळ्याकडे बघतो, कारण तिथे ११ वर एकही चिठ्ठी नाही.

मध्यकासाठी चिठ्ठ्या परत हातात द्या आणि मुलांना मापाच्या क्रमाने रांगेत उभं करा. सारखं माप असलेली मुलं आपापसात कशीही उभी राहोत. दोन्ही टोकांचं एकेक मूल एकाच वेळी खाली बसतं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. शेवटी एकच उभं राहतं. त्याच्या डावीकडे १७, उजवीकडे १७. त्याच्या हातातली चिठ्ठी ५. इथे दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवाव्या लागतात: रांगेत तो अठरावा आहे, पण मध्यक १८ नाही, मध्यक त्याच्या चिठ्ठीवरचा आकडा आहे. ३५ ला २ ने भागून १७.५ काढणाऱ्या मुलांचा घोळही रांगेत सुटतो. साडेसतरावं मूल कुठे उभं आहे ते शोधायला सांगितलं, की १७ इकडे, १७ तिकडे आणि मधला अठरावा, हे तीच सांगतात.

वर्ग लहान असेल किंवा मुलांना उभं करायला जागा नसेल, तर चिठ्ठ्या दोरीवर किंवा फळ्याच्या कडेने एका रांगेत लावून दोन्ही टोकांकडून एकेक काढत या. परिणाम तोच.

मध्य: इथे ‘समान वाटणी’ चालत नाही

या पायरीवर जास्त वेळ द्यावा असं माझं मत आहे, कारण बुटांचं माप निवडल्यामुळे इथे एक खास अडचण येते.

मध्य समजावताना आपण सहसा समान वाटणी सांगतो: सगळ्यांकडचं एकत्र करा आणि सारखं वाटा. गोट्या किंवा पैसे असतील तर ते पटतं. बुटांची मापं एकत्र करून वाटता येत नाहीत. १८९ ही बेरीज कसली? १८९ मापाचा बूट नाही आणि १८९ बूटही नाहीत. चौकस मूल नेमकं हेच विचारतं आणि त्याचा प्रश्न योग्य आहे. मापाचा शून्य म्हणजे पायाची लांबी शून्य, असं नसतं. त्यामुळे मापांच्या बेरजेला स्वतःचा अर्थ नाही. मापांमधल्या फरकांना मात्र आहे. ५ आणि ७ मधला फरक ६ आणि ८ मधल्या फरकाएवढाच, असं आपण म्हणू शकतो. म्हणून इथे मध्य फरकांवरून समजवायचा.

चिठ्ठ्या पुन्हा संख्यारेषेवर लावा. ही रेषा म्हणजे तराजूची दांडी समजायची आणि प्रत्येक चिठ्ठी सारख्या वजनाची. विचारायचं, कुठे बोट ठेवलं तर दांडी आडवी राहील?

बरीच मुलं ६ म्हणतील, आणि म्हणू द्यावं. तीच चूक आता सगळ्यांसमोर तपासता येते. ६ वर बोट ठेवलं. डावीकडे ३ मापाच्या तीन चिठ्ठ्या, प्रत्येक ३ घरं दूर, मिळून ९. ४ मापाच्या अकरा चिठ्ठ्या, प्रत्येक २ घरं दूर, मिळून २२. ५ मापाच्या सात, प्रत्येक १ घर दूर, मिळून ७. डावीकडची ओढ एकूण ३८. उजवीकडे ७ च्या चार चिठ्ठ्यांचे ४, ८ च्या पाच चिठ्ठ्यांचे १०, ९ च्या एका चिठ्ठीचे ३. एकूण १७. दांडी डावीकडे धाडकन कलते. ६ हा मध्य असू शकत नाही, हे आता शिक्षकाने सांगितलं म्हणून खरं नाही. अकरा चिठ्ठ्यांची ओढ समोर दिसते आहे.

मग बोट डावीकडे किती सरकवायचं? डावीकडची ओढ २१ ने जास्त आहे. बोट एक घर डावीकडे नेलं तर ३५ च्या ३५ चिठ्ठ्यांचं अंतर एकेकाने बदलतं, म्हणजे तोल ३५ ने बदलतो. आपल्याला २१ च हवेत. २१ भागिले ३५ म्हणजे ०.६. बोट ६ वरून ०.६ मागे, ५.४ वर. आता वहीत १८९ भागिले ३५ करायला सांगा. ५.४ च येतं. दोन वाटांनी एकच आकडा आला, की ३५ ने का भागायचं आणि ७ ने का नाही, हे वेगळं समजवावं लागत नाही: सरकवताना सगळ्या ३५ चिठ्ठ्या सरकल्या होत्या.

‘५.४ मापाचा बूट तर नसतोच’ ही हरकत हमखास येते. तिला सरळ उत्तर द्यावं: बरोबर आहे, नसतो, आणि मध्य हे कुणाचं तरी माप असलंच पाहिजे असा नियम नाही. ती तोल साधणारी जागा आहे. ५.४ चं ५ करू देऊ नका. पूर्णांकात आणल्यावर दांडी पुन्हा कलते, ते हवं तर तपासून दाखवा. कुठल्या मापाचे जोड जास्त लागतील असा प्रश्न असेल तर मध्य तिथे कामाचा नाही, बहुलक आणि पूर्ण सारणी कामाची. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, हे मुलांना या हरकतीतूनच सगळ्यात लवकर कळतं.

आणि मग सारणी

आता चिठ्ठ्या जागेवरच ठेवून प्रत्येक मनोऱ्याखाली त्याची उंची लिहा. ही झाली सारणी. ती चिठ्ठ्यांमधून जन्माला येताना मुलांनी पाहिली. दोन्ही स्तंभांवर मोठ्या अक्षरात ‘माप’ आणि ‘मुलं’ लिहा, शक्य असेल तर दोन रंगांत. पुढे वर्गात होणाऱ्या प्रत्येक चर्चेत हे दोन शब्द आकड्याबरोबर यायला हवेत.

मध्यकासाठी तिसरा स्तंभ जोडा: ‘या मापापर्यंत किती मुलं’. ३, १४, २१, २५, २९, ३४, ३५. अठरावं मूल कुठल्या ओळीत? ४ च्या ओळीअखेर १४ जण झाले, ५ च्या ओळीत पंधराव्यापासून एकविसाव्यापर्यंत सगळे आले, म्हणून अठरावा तिथेच. हीच संचित वारंवारता, पण हे नाव नंतर दिलं तरी चालतं.

चिठ्ठ्या फळ्यावरून लगेच काढू नका. निदान पहिली दोन उदाहरणं होईपर्यंत सारणी आणि मनोरे शेजारी शेजारी असू द्या. मग मनोरे झाका, आणि अडलेल्या मुलाला ‘सूत्र आठव’ न म्हणता ‘४ च्या ओळीतल्या चिठ्ठ्या वहीत लिहून दाखव’ म्हणा. त्याने ४ अकरा वेळा लिहायला घेतला, की बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या आकड्यालाच चूक त्याच्या लक्षात येते.

माहितीच बिघडलेली असेल तर

कधी रीत बरोबर असते आणि तरी उत्तर विचित्र येतं. तेव्हा दोष चिठ्ठ्यांमध्ये शोधा. बुटांच्या मापांच्या पद्धती एकाहून जास्त आहेत. ब्रिटिश पद्धतीत एक माप म्हणजे इंचाचा तिसरा भाग, सुमारे ८.५ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत एक माप म्हणजे सेंटीमीटरचे दोन तृतीयांश, सुमारे ६.७ मिलिमीटर, आणि आकडे ३६, ३८, ४० असे. दोन पद्धतींची पायरीच वेगळी असल्यामुळे ठरावीक संख्या वजा करून एका पद्धतीतून दुसरीत अचूक जाता येत नाही.

आपल्या वर्गातल्या ५ मापाच्या एका मुलाने ३८ लिहिलं, तर बेरीज १८९ ऐवजी २२२ होते आणि मध्य ५.४ वरून ६.३४ वर जातो. मध्यक ५ च राहतो, बहुलक ४ च. ‘टोकाच्या प्राप्तांकाने मध्य हलतो, मध्यक हलत नाही’ हे दाखवायला हे उदाहरण वापरण्याचा मोह होतो. तो टाळावा. तो ३८ टोकाचा प्राप्तांक नाही, तो वेगळ्या एककातला प्राप्तांक आहे, आणि अशी नोंद ठेवायची नसते, दुरुस्त करायची असते. टोकाच्या प्राप्तांकासाठी खरोखर मोठं माप असलेलं काल्पनिक मूल घ्या.

दुसरा फसवा आकडा १३. ब्रिटिश पद्धतीत लहान मुलांची मापं १३ पर्यंत जातात आणि त्यानंतर मोठ्यांची मापं पुन्हा १ पासून सुरू होतात. त्यामुळे लहान चणीच्या मुलाच्या बुटावर १३ असू शकतं आणि तो १ मापापेक्षा एक पायरी लहान असतो. रांगेत त्याची जागा डावीकडे सर्वांत आधी. आकडा पाहून लावलं तर तो उजव्या टोकाला जातो. संख्यारेषेवर त्याला ० वर बसवायचं, १३ वर नाही.

म्हणून चिठ्ठ्या वाटण्याआधी एकच पद्धत ठरवा. अनेक बुटांच्या आतल्या बाजूला दोन-तीन पद्धतींचे आकडे छापलेले असतात. त्यातली ब्रिटिश पद्धतीची ओळ वाचायला सांगा. ज्यांच्या बुटावर ती नाही, अर्धं माप आहे किंवा आकडा झिजला आहे, त्यांच्यासाठी सगळ्यांत सरळ मार्ग म्हणजे पाऊल कागदावर ठेवून टाच ते अंगठा लांबी मोजणं. मग मात्र सगळ्या वर्गाचीच लांबी घ्यावी. काहींची मापं आणि काहींचे सेंटीमीटर एका सारणीत येऊ देऊ नये.

सुटलं की नाही, कसं ओळखायचं

त्याच तासाला बरोबर आलेलं उत्तर पुरावा नाही. फळ्यावर चिठ्ठ्या असतात. दोन-तीन दिवसांनी, चिठ्ठ्यांशिवाय, तोंडी विचारा: याच वर्गात ९ मापाचं आणखी एक मूल आलं, तर तिन्हींपैकी काय बदलेल? ओळींकडे बघणारं मूल ‘काहीच नाही’ म्हणतं, कारण ९ ची ओळ आधीच आहे. मुलांकडे बघणारं मूल म्हणतं, मध्य बदलेल. आकडेमोड केली तर १९८ भागिले ३६, म्हणजे ५.५. मुलं आता ३६, म्हणून मध्यक अठराव्या आणि एकोणिसाव्याच्या मधला; दोघेही ५ च्या ओळीत, मध्यक ५ च. बहुलक ४ च.

मग सगळ्या वारंवारता दुप्पट करा. ७० मुलं झाली. मध्य, मध्यक, बहुलक तिन्ही तेच राहतात. ‘मध्य दुप्पट होईल’ असं उत्तर आलं, तर मुलाच्या मनात माप आणि मुलांची संख्या अजून मिसळलेली आहेत. त्याला दोन रंगांच्या स्तंभांकडे परत न्या.

शेवटची तपासणी उलट बाजूने. पाच मुलांची मापं बनवा, अशी की मध्य ५, मध्यक ४ आणि बहुलक ३ येईल, आणि ती सारणीत लिहा. ३, ३, ४, ७, ८ हे एक उत्तर. शेवटच्या दोन संख्या ६ आणि ९ घेतल्या तरी चालतं. सारणीत पहिल्या उत्तराच्या चार ओळी होतात: ३ ची दोन मुलं, बाकी मापांचं एकेक. आता पडताळा सारणीवरूनच करायला सांगा. ज्याच्या मनात अजून ओळच प्राप्तांक आहे तो ३, ४, ७, ८ मिळवतो, ४ ने भागतो आणि ‘मध्य ५.५ आला, माझं उत्तर चुकलं’ म्हणतो. ज्याने पाच मुलं स्वतः निवडली त्याच्याच हातून पाचवं मूल सारणीत नाहीसं झालं. त्याला चिठ्ठ्यांचे पाच कोरे कागद द्या, त्याच्या सारणीवरून भरायला सांगा आणि दुसरी ३ कुठून आली ते त्याच्याकडूनच वदवून घ्या. त्यानंतर तोच पडताळा पुन्हा, भागाकार ५ ने.